मोठं आतडं पाणी शोषतं, मग मोठं आतडं बिघडल्यावर पातळ जुलाब का नाही होत?

प्रश्न: माझ्या मिसेसला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालंय, मोठ्या आतड्याचं. दिवसाला १२ ते १५ वेळा संडासला जाते, पण होतं काय तर चमचाभर, आव आणि रक्त. माझ्या मेव्हण्याला सीलिॲक आहे, लहान आतड्याचा. तो दिवसातून तीनदाच जातो पण दर वेळी भरपूर, घाण वास, फ्लश केलं तरी जात नाही, आणि वजन ११ किलो उतरलंय. शाळेत शिकलो की मोठं आतडं पाणी शोषून घेतं. मग ज्याचं मोठं आतडं बिघडलंय त्याला पाण्यासारखं व्हायला पाहिजे ना? इथे तर सगळं उलटंच दिसतंय.

उत्तर: शाळेत जे शिकलात ते चूक नाहीये, अर्धवट आहे. मी पोटविकाराची प्रॅक्टिस करून २० वर्षं झाली आणि एमबीबीएसला मलाही हेच एक वाक्य पाठ होतं, त्याचा नीट अर्थ वॉर्डात पेशंटचं संडासचं भांडं मोजायला लावलं तेव्हा कळला. म्हणून आधी हिशोब मांडू, मग वहिनींचं आणि तुमच्या मेव्हण्यांचं आपोआप लागेल.

दिवसभरात आपण पाणी, चहा, आमटी, ताक असं धरून साधारण २ लिटर पोटात घालतो. पण आतड्यात उतरतं त्याच्या कितीतरी पट, कारण लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस हे सगळं शरीर वरून ओततं. एकूण ८ ते ९ लिटर. म्हणजे दोन मोठ्या कळशा नाही पण एक बादली तरी अर्धी भरेल. यातलं सुमारे ७ लिटर लहान आतडंच शोषून टाकतं. शेवटी मोठ्या आतड्याच्या दारात, उजव्या कुशीत खाली जिथे अपेंडिक्स असतं तिथे, रोज जेमतेम दीड लिटर येतं. त्यातलं मोठं आतडं बहुतेक सगळं ओढून घेतं आणि बाहेर पडणाऱ्या शीमध्ये १००-१५० मिली पाणी उरतं, अर्ध्या कप चहापेक्षा थोडं जास्त.

म्हणजे पाणी शोषण्याचं मुख्य काम लहान आतड्याचंच. मोठं आतडं शेवटचा हात फिरवतं, पण तो शेवटचा हात फार अवघड असतो, ते खाली सांगतो. आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, निरोगी मोठ्या आतड्यात रिझर्व्ह ताकद असते. रोज दीड लिटर शोषतं, पण सावकाश येत राहिलं तर ४ ते ५ लिटरपर्यंत शोषू शकतं. त्यामुळे लहान आतडं थोडंफार बिघडलं तर खालचा भाऊ सांभाळून घेतो, पेशंटला पत्ताही लागत नाही. जेव्हा वरून येणारा लोंढा त्याच्या आवाक्याबाहेर जातो तेव्हाच जुलाब दिसतात, आणि तेव्हा जे बाहेर पडतं ते अर्थातच भरपूर असतं. कॉलऱ्यात हेच होतं. कॉलऱ्याच्या जंतूचं विष लहान आतड्याला पाणी आणि मीठ ओतायला लावतं, वाईट केसमध्ये तासाला एक लिटरसुद्धा, आणि भाताच्या पेजेसारखे जुलाब होतात, पण त्या माणसाचं मोठं आतडं ठणठणीत असतं बरं का. बिचारं वाहून जातं इतकंच.

आता ते अवघड काम. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे ढिले असतात. तिथे साखर आणि सोडियम हात धरून पेशीत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. (ओआरएसमध्ये साखर चवीसाठी नसते, यासाठी असते, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगतो.) पण सांधे ढिले असल्यामुळे लहान आतडं कितीही शोषू दे, आत उरलेल्या पाण्याचा खारटपणा रक्ताइतकाच राहतो, त्याच्यापेक्षा कमी करता येत नाही. थोडक्यात ते व्हॉल्यूम कमी करतं, पण पिळून काढू शकत नाही.

मोठं आतडं पिळून काढतं. त्याच्या पेशींमधले सांधे घट्ट असतात, एकदा आत घेतलेलं मीठ सहज मागे गळत नाही. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला पंप असतात ते सोडियम रक्तात ढकलतात, त्यामुळे पेशीत सोडियमची टंचाई होते आणि आतड्याच्या पोकळीतलं सोडियम खास दरवाजांतून आत ओढलं जातं. शेवटच्या भागात हे दरवाजे किती उघडायचे ते अल्डोस्टेरोन नावाचं हॉर्मोन ठरवतं, तेच जे किडनीमध्ये मीठ वाचवतं. शरीरात मीठ कमी पडलं की ते वाढतं आणि मोठं आतडं आणखी चिवटपणे मीठ ओढतं. बदल्यात थोडं पोटॅशियम बाहेर टाकतं. दारात येताना त्या पाण्यात दर लिटरला १२०-१४० मिलीमोल सोडियम असतं, बाहेर पडताना ३०-४० च्या आसपास, आणि पोटॅशियम मात्र चढलेलं. जिथे मीठ गेलं तिथे पाणी गेलं, बस्स, पाण्याला वेगळा पंप नसतो.

अजून एक मदतनीस असतात ते म्हणजे तिथले बॅक्टेरिया. भाजी, डाळ, भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात आणि त्यातून छोटी आम्लं तयार होतात. ती आम्लं अस्तर शोषतं आणि त्यांच्याबरोबर सोडियम आणि पाणीही आत जातं. त्यातलं ब्यूटिरेट तर मोठ्या आतड्याच्या पेशींचं रोजचं जेवणच आहे. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की काही जणांना पातळ होतं त्याचं एक कारण हे, आंबवणारेच मेले. आणि या सगळ्याला वेळ लागतो. लहान आतड्यातून माल ३ ते ५ तासांत पुढे जातो, मोठ्या आतड्यात एक-दीड दिवस किंवा जास्तही रेंगाळतो.

मोठं आतडं नसेल तर काय होतं ते एका पेशंटवरून सांगतो, कारण ते बघितल्यावर शंका राहत नाही. पस्तिशीतला शेतकरी, कोलायटिस औषधांना दाद देईना म्हणून मोठं आतडं काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर काढून पिशवी लावली. म्हणजे जे मोठ्या आतड्याच्या दारात यायचं ते थेट पिशवीत. सुरुवातीला दिवसाला १८०० मिली येत होतं. घरच्यांनी त्याला सांगितलं पाणी जातंय तर पाणी पी, म्हणून हा दिवसाला चार-पाच लिटर साधं पाणी आणि वर दोन शहाळी. तीन आठवड्यांनी आला तो उठून उभा राहिला की चक्कर, पोटऱ्यांना गोळे, तोंड कोरडं, आणि पिशवीत अजूनच जास्त. बीपी झोपून ११० आणि उभं केल्यावर ८४. रक्तातलं सोडियम थोडंच कमी होतं, त्यावरून कोणी फसलं असतं, पण लघवीतलं सोडियम तपासलं तर ८ आलं. म्हणजे किडनी मिठाचा कण न कण धरून बसली होती, अल्डोस्टेरोन ओरडत होतं पण ते ऐकणारं मोठं आतडंच जागेवर नव्हतं.

त्याचं झालं होतं असं की साधं पाणी प्यायल्यावर ढिल्या सांध्यांमधून शरीरातलंच मीठ उलट आतड्यात गळतं, खारटपणा समान करायला, आणि ते पाणी मीठ घेऊन पिशवीत येतं. जितकं पी तितकं कोरडा हो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे तेही कामाचं नाही. आम्ही त्याला सलाईन लावून दोन दिवसांत उभा केला, आणि मग साधं पाणी, चहा, सरबत सगळं मिळून दिवसाला अर्ध्या ते एक लिटरवर आणलं. बाकीची तहान भागवायला एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे ग्लुकोज पावडर, १ सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा असं द्रावण दिवसभर घोट घोट, जेवणात मीठ मोकळ्या हाताने, आणि आतड्याचा वेग कमी करायला लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास. आठ दिवसांत पिशवी ८००-९०० वर आली, चक्कर गेली, लघवीतलं सोडियम ४० च्या वर गेलं. (हे द्रावण पिशवीवाल्यांसाठी आहे, साध्या जुलाबाला मेडिकलमधली ओआरएसची पुडीच घ्या, ते मीठ त्याच्यासाठी मोजलेलं असतं.) वर्षभराने लहान आतडंही थोडंफार शिकतं, पिशवीतलं घट्ट होतं, पण मोठ्या आतड्यासारखं पिळणं त्याला जन्मात जमत नाही.

आता बघा, मोठं आतडं पूर्ण काढूनही त्याचं ८००-९०० मिलीच्या आसपास स्थिरावलं. म्हणजे मोठं आतडं कितीही बिघडलं तरी नुकसान व्हायचं ते बहुतेक वेळा त्या दीड लिटरमधलंच, त्याच्यापलीकडे जायला वरून लोंढा यावा लागतो. ही मोठ्या आतड्याच्या आजाराची वरची मर्यादा समजा.

वहिनींच्या बाबतीत तेवढंही होत नाही, कारण अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन वर चढतो. बऱ्याच जणांत डाव्या बाजूपर्यंतच असतो. उजवी बाजू शाबूत असली तर पाण्याचा बराचसा भाग तिथे शोषून होतो. उलट गुदाशय इतका चिडलेला असतो की वरची घट्ट शी पुढे सरकतच नाही, वर बद्धकोष्ठ आणि खाली आव-रक्त असा विचित्र प्रकार मी कितीदा एक्स-रेवर बघितलाय. पेशंट सांगतो जुलाब होतायत आणि फिल्मवर उजवीकडे शी भरलेली.

मग १५ वेळा का? तो प्रश्न पाण्याचा नाहीच, तो जागेचा आहे. निरोगी गुदाशय पिशवीसारखा सैल होतो, थोडं आलं की जाणीव देतो आणि मग दोनशे-तीनशे मिली साठेपर्यंत आपण मीटिंग संपवू शकतो, एसटी डेपोत पोचेपर्यंत थांबू शकतो. सुजलेला गुदाशय ताठ होतो, रबरी फुग्याच्या जागी पुठ्ठ्याची नळी. त्यात चार चमचे जरी उतरले तरी प्रेशर एकदम चढतं आणि धावत सुटायला लागतं. आणि सूज स्वतःच आतून संदेश पाठवत राहते की अजून काहीतरी आहे, म्हणून जाऊन आल्यावर परत बसावंसं वाटतं, कुथून काहीच येत नाही किंवा नुसता आव. जुन्या लोकांकडे याला नेमके शब्द होते, जुलाब वेगळे आणि मुरडा-आव वेगळी. आजी बघून सांगायची हे पोर हगवणीने नाही, मुरड्याने हैराण आहे, आणि ती न शिकता लहान आणि मोठं आतडं वेगळं करत होती.

आव म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा चिकट स्राव, तिथे तो बनवणाऱ्या पेशी खूप असतात आणि सूज आली की भरपूर सुटतो. रक्त तळाजवळून येतं म्हणून लाल दिसतं, पचून काळं व्हायला त्याला वेळच मिळत नाही. आणि जिथे सूज आहे तिथले घट्ट सांधे सुटतात, सोडियमचे दरवाजे आणि पंप दोन्ही कमी होतात, त्यामुळे ओढलेलं मीठ परत गळतं. सूज पूर्ण मोठ्या आतड्यात पसरली तर वहिनींचंही पातळ आणि जास्त होऊ शकतं, तेव्हा फरक थोडा पुसट होतो, पण तरी रक्त, घाई आणि कळ सोबत असतेच.

मेव्हण्यांचं बघू. सीलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले मखमलीसारखे उंचवटे सपाट होतात. मग चरबी, साखर, लोह नीट शोषलं जात नाही, वजन उतरतं, हिमोग्लोबिन उतरतं. मोठ्या आतड्याला अन्नाचा कस शोषायचं काम जवळजवळ नसतंच, म्हणून तिथल्या आजारात वजन उतरलं तर ते न जेवल्यामुळे, तापामुळे, रक्त-प्रोटीन गेल्यामुळे. इतकं खाऊनही अंगाला लागत नाही ही तक्रार लहान आतड्याची. शोषली न गेलेली साखर आपल्याभोवती पाणी धरून ठेवते आणि मोठ्या आतड्यात पोचली की बॅक्टेरिया तिच्यावर तुटून पडतात, गॅस आणि गुरगुर. चरबीचं तर त्याहून वाईट, बॅक्टेरिया तिच्यातल्या आम्लांना असं काही बदलतात की ती निरोगी मोठ्या आतड्यालाच पाणी सोडायला लावतात. म्हणजे चूक वरची आणि वैतागतो खालचा. तरीही त्यांचा गुदाशय चांगला आहे, म्हणून ते तीनदाच जातात, प्रत्येक वेळी पिशवी पूर्ण भरल्यावर, आणि आल्यावर मोकळं वाटतं. फिकट, चिकट, भांड्याला लागून राहणारी शी चरबीची खूण आहे. तरंगणारी शी मात्र बहुतेक वेळा गॅसमुळे तरंगते, चरबीमुळे नाही, इंटरनेटवर वाचून घाबरलेले आठवड्याला दोन तरी येतात.

म्हणून मी ओपीडीत किती वेळा जाता हे विचारतो पण त्यावर फार विसंबत नाही. एका वेळी किती होतं, चमचा का तांब्या, आणि आल्यावर समाधान होतं का, हे दोन प्रश्न जास्त सांगून जातात. आकडाच हवा असेल तर वहिनींचे १५ गुणिले २० मिली म्हणजे ३००, मेव्हण्यांचे ३ गुणिले ३०० म्हणजे ९००. बघा कोण जास्त गमावतंय.

हा नियम जिथे फसतो तेही सांगायला हवं. लहान आतड्याचा शेवटचा भाग पित्तातली आम्लं परत शोषतो. तो भाग टीबीने किंवा क्रोहन नावाच्या आतड्याच्या सुजेच्या आजाराने खराब झाला, किंवा ऑपरेशनमध्ये गेला, तर ती आम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि त्याला पाणी सोडायला लावतात. आपल्याकडे त्या कोपऱ्याचा टीबी काही दुर्मिळ नाही. असा पेशंट टीबीचा कोर्स पूर्ण करतो, वजन परत येतं, आणि जेवल्या जेवल्या पातळ पाणी होतच राहतं, सगळे म्हणतात टीबी परत आला. आला नसतो. एक मीटरपेक्षा कमी आतडं गेलेल्यांमध्ये पित्तआम्लं बांधणारी कोलेस्टिरामाइनची पावडर दिली तर काही दिवसांत फरक पडतो. पण एक मीटरपेक्षा जास्त गेलं असेल तर तीच पावडर उरलंसुरलं पित्त बांधून चरबीचे जुलाब वाढवते, म्हणून किती आतडं काढलं हे ऑपरेशनच्या कागदावर बघितल्याशिवाय ती द्यायची नाही.

तुमच्यासाठी कामाच्या दोन गोष्टी. वहिनींना कोणाच्या सांगण्यावरून जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका, जोरात सुजलेलं मोठं आतडं त्याने फुगून अडकू शकतं आणि तो प्रकार जीवावरचा असतो. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे आणि त्यासोबत ताप, पोट फुगणं, नाडी ९० च्या वर यातलं एक जरी दिसलं तरी वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि डॉक्टरांनी सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनची खालून ठेवायची सपोझिटरी किंवा एनिमा लिहून दिला असेल तर लाजून टाळू नका, तोंडाची गोळी गुदाशयापर्यंत पुरेशी पोचत नाही आणि १५ वेळा धावायला लावणारा तोच आहे. रात्री झोपताना, डाव्या कुशीवर, आणि सोडल्यावर लगेच उठायचं नाही. सुरुवातीचे चार-पाच दिवस आत टिकत नाही, चिडलेला गुदाशय बाहेर फेकतो, त्या दिवसांत बरेच जण बंद करतात. तेव्हा फोम किंवा सपोझिटरीने सुरू करायचं आणि सूज थोडी उतरली की एनिमावर जायचं.